भाव चढत्या वर्षात फिफो आणि भारित सरासरी: तेलाच्या साठ डब्यांचा हिशेब

प्रश्न: तालुक्याच्या गावी माझं ठोक किराण्याचं दुकान आहे. सोयाबीन तेलाचे १५ किलोचे डबे हा मुख्य माल. १ एप्रिल २०२४ ला ४० डबे होते, १,५०० च्या भावानं. ५ एप्रिलला ६० घेतले १,५५० नं, २० सप्टेंबरला ५० घेतले १,९०० नं, १५ जानेवारीला ५० घेतले २,०४० नं. विक्री अशी: सप्टेंबरचा माल यायच्या आधी ७० डबे १,६५० नं, दिवाळीच्या हंगामात ५० डबे २,०५० नं, फेब्रुवारी-मार्चमध्ये २० डबे २,१५० नं. उरले ६०. हिशेब लिहिणारा पोरगा म्हणते फिफोनं नफा ३२ हजार. सीए साहेबांच्या तक्त्यात १६ हजार. डबे तेच, बिलं तीच, गल्ला तोच, मग नफा दोन कसे? अन् खरा कोणता धरू?

उत्तर:

भाऊ, दोन्ही आकडे बरोबर आहेत, तुमच्या पोरानंही चूक केलेली नाही आणि सीए साहेबांनीही नाही. एवढंच नव्हे, तुमच्या याच बिलांवरून तिसरा एक बरोबर आकडाही निघतो, तो पुढे सांगतो. गोम नफ्यात नाही, त्या उरलेल्या ६० डब्यांत आहे.

वर्षभरात तुमच्या हाताखालून एकूण २०० डबे गेले. त्यांना पडलेली किंमत मोजा: सुरुवातीचे ४० म्हणजे ६०,०००, एप्रिलचे ६० म्हणजे ९३,०००, सप्टेंबरचे ५० म्हणजे ९५,००० आणि जानेवारीचे ५० म्हणजे १,०२,०००. बेरीज ३,५०,०००. या साडेतीन लाखांबद्दल कुणाचंच दुमत नाही, कारण प्रत्येक रुपयाला बिल आहे. तुमची विक्रीही पक्की आहे: १,१५,५०० अधिक १,०२,५०० अधिक ४३,०००, म्हणजे २,६१,०००. आता या साडेतीन लाखांचे दोन वाटे करायचे. एक वाटा विकलेल्या १४० डब्यांचा, तो या वर्षीच्या नफ्यातून वजा होतो. दुसरा वाटा उरलेल्या ६० डब्यांचा, तो अखेरचा साठा म्हणून ताळेबंदात जातो आणि पुढच्या वर्षाचा सुरुवातीचा साठा होतो. फिफो काय आणि सरासरी काय, दोन्ही या वाटणीच्याच रीती आहेत. भाव वर्षभर एकच राहिला असता तर कशीही वाटणी केली तरी उत्तर एकच आलं असतं. भाव १,५०० वरून २,०४० वर गेला, म्हणून कोणते डबे गेले असं मानायचं याला किंमत आली.

भाव सप्टेंबरात एकदम का उडाला हे तुम्हाला आठवत असेल. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारनं कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं आणि रिफाइंड तेलावरचं १२.५ वरून ३२.५ टक्के. तुमचं २० सप्टेंबरचं बिल त्यानंतरचं आहे. म्हणजे तुमच्या गोदामात त्या दिवशी जे जुने ३० डबे पडून होते, त्यांची बाजारातली किंमत तुम्ही हात न लावता वाढली. ही गोष्ट लक्षात ठेवा, सगळा फरक इथूनच निघतो.

आधी फिफो. आधी आलेला माल आधी गेला असं मानायचं. खरोखर कोणता डबा कुणाच्या गाडीवर चढला हे पाहायचं नसतं, फक्त किमती त्या क्रमानं उचलायच्या असतात. उरलेल्या मालाची किंमत काढायची सोपी युक्ती अशी की खरेदीच्या बिलांची फाईल शेवटून उलटी चाळायची. ६० डबे उरले. शेवटचं बिल जानेवारीचं, त्यातले ५० पूर्ण घ्या: १,०२,०००. अजून १० हवेत, ते त्याआधीच्या सप्टेंबरच्या बिलातून: १० गुणिले १,९००, म्हणजे १९,०००. अखेरचा साठा १,२१,०००. उरलेले २,२९,००० विकलेल्या मालाचे. २,६१,००० मधून ते गेले की ढोबळ नफा ३२,०००.

ताळा दुसऱ्या बाजूनं घ्या, हा नेहमी घ्यावाच. विकलेले १४० डबे सुरुवातीपासून मोजा: ४० डब्यांचे ६०,०००, ६० डब्यांचे ९३,००० आणि सप्टेंबरच्या खेपेतले ४० डब्यांचे ७६,०००. बेरीज २,२९,०००. जुळलं. दोन्ही वाटे मिळून ३,५०,००० झाले नाहीत तर कुठेतरी डबे दोनदा धरले गेले किंवा सुटले.

इथे एक चूक फार होते आणि ती सहज ओळखता येते. ‘आधी आलेला आधी’ हे शब्द डोक्यात ठेवून लोक उरलेल्या मालालाच जुने भाव लावतात. ४० गुणिले १,५०० आणि २० गुणिले १,५५०, म्हणजे ९१,०००. नफा मग फक्त २,००० येतो. हे फिफो नाही, बरोबर उलटं आहे. यात शेवटी आलेला माल आधी गेला असं मानलं जातं, ज्याला लिफो म्हणतात. आपल्याकडच्या लेखा मानक २ मध्ये आणि आयकरासाठी उत्पन्न मोजण्याच्या मानकात, म्हणजे आयसीडीएस २ मध्येही ही रीत चालत नाही. म्हणून चढत्या भावाच्या वर्षात साठ्याचा प्रति डबा दर जर सगळ्यात जुन्या बिलाजवळ दिसला, तर आधी तिथेच बोट ठेवा.

आता सीए साहेबांची रीत. त्यांनी वर्षभराचे सगळे डबे एका हौदात ओतले असं समजा. ३,५०,००० भागिले २०० म्हणजे प्रति डबा १,७५०. उरलेले ६० गुणिले १,७५० म्हणजे १,०५,०००. विकलेले १४० गुणिले १,७५० म्हणजे २,४५,०००. नफा १६,०००.

‘भारित’ या शब्दाचा अर्थ इथे पक्का करून घ्या. चार भावांची बेरीज करून चारनं भागलं की होते ती साधी सरासरी. तुमच्या आकड्यांत ती १,७४७ रुपये ५० पैसे येते, म्हणजे फरक अडीच रुपयांचा. त्यामुळे इथे ती चूक कुणाच्या नजरेतही येणार नाही, पण हा निव्वळ योगायोग आहे, कारण तुमच्या चारही खेपा जवळजवळ सारख्या आकाराच्या होत्या. जानेवारीत ५० ऐवजी पाचच डबे घेतले असते तर भारित सरासरी साधारण १,६६६ वर आली असती आणि साधी सरासरी तिथेच १,७४७.५० वर बसून राहिली असती. पाच डब्यांच्या महाग खेपेला साठ डब्यांच्या खेपेएवढा मान देणं हीच ती चूक. म्हणून नेहमी एकूण रुपये भागिले एकूण डबे.

आता तो तिसरा आकडा. भारित सरासरीच्याही दोन रीती आहेत आणि मानकाला दोन्ही मान्य आहेत: ठरावीक मुदतीची एकच सरासरी काढा, किंवा प्रत्येक नवी खेप आली की सरासरी नव्यानं काढा. दुसरीला चालती सरासरी म्हणू. ती अशी चालते.

५ एप्रिलला तुमच्याकडे १०० डबे, किंमत १,५३,०००, दर १,५३०. त्यातले ७० गेले, ३० उरले, त्यांची किंमत ४५,९००. २० सप्टेंबरला ९५,००० चे ५० डबे आले. आता ८० डबे आणि १,४०,९०० रुपये, दर १,७६१.२५. त्यातले ५० गेले, ३० उरले, किंमत ५२,८३७.५०. १५ जानेवारीला १,०२,००० चे ५० डबे आले. ८० डबे, १,५४,८३७.५० रुपये, दर १,९३५.४७. त्यातले २० गेले, ६० उरले. साठा १,१६,१२८, विकलेल्या मालाची किंमत २,३३,८७२, नफा २७,१२८.

तीन रीतींचे तीन आकडे शेजारी मांडले तर असे दिसतात:

| रीत | अखेरचा साठा | विकलेल्या मालाची किंमत | ढोबळ नफा |
|---|---|---|---|
| फिफो | १,२१,००० | २,२९,००० | ३२,००० |
| चालती सरासरी | १,१६,१२८ | २,३३,८७२ | २७,१२८ |
| वर्षाची एकच सरासरी | १,०५,००० | २,४५,००० | १६,००० |

मधला आकडा फिफोच्या जवळ आणि सीए साहेबांच्या आकड्यापासून लांब का? कारण वर्षाची एकच सरासरी जानेवारीत घेतलेल्या डब्याचा भाव एप्रिलमध्ये विकलेल्या डब्यावर टाकते. तुम्ही पोळ्याच्या आधी १,६५० ला जो डबा दिला, तो १,७५० ला पडला होता असं ही रीत सांगते. त्या दिवशी १,७५० चा भाव अस्तित्वातच नव्हता. तरी दर डब्यामागे शंभर रुपये तोटा असे ते ७० डबे कागदावर दिसतात. चालती सरासरी असं करत नाही, ती विक्रीच्या दिवसापर्यंत आलेल्याच खेपा मोजते. म्हणून भाव संथ चढत असेल तर या दोन सरासऱ्यांत फारसा फरक पडत नाही, पण सप्टेंबरसारखी उडी बसली की दोघी एकमेकींपासून दूर जातात. ‘आम्ही भारित सरासरीनं करतो’ एवढं सांगणं म्हणून पुरत नाही. कोणती, हे विचारून घ्या. संगणकावर हिशेब असेल तर तिथे मालाच्या नावापुढे Avg. Cost किंवा FIFO असं निवडलेलं असतं, पण ती सरासरी आतून कोणत्या रीतीनं काढली जाते हे नावावरून कळत नाही. एक माल घ्या, वरच्यासारखा हातानं हिशेब करा आणि पडद्यावरचा साठा कुठल्या आकड्याशी जुळतो ते पाहा.

आता तुमच्या मनातली खरी शंका: गल्ला तोच, मग नफा दोन कसे. गल्ल्याकडेच पाहू. वर्षभरात या डब्यांचे २,६१,००० आले आणि नव्या खरेदीला २,९०,००० गेले. सगळं रोखीनं झालं असं धरलं तर तेलाच्या धंद्यातून गल्ल्यातले २९,००० कमीच झाले आहेत. ही रक्कम कोणत्याही रीतीनं बदलत नाही. फिफो म्हणतं, साठा ६०,००० वरून १,२१,००० झाला, म्हणजे ६१,००० नं वाढला, त्यातून २९,००० गेले की ३२,००० नफा. सरासरी म्हणते, साठा ४५,००० नं वाढला, त्यातून २९,००० गेले की १६,०००. दोन्हीकडे नफा साठ्यात बसलेला आहे, हातात नाही. नफा मोठा दिसला म्हणून मार्चअखेरीस घरखर्चाला उचल वाढवली की एप्रिलमध्ये नवी खेप उचलताना पैसा कमी पडतो, तो यामुळेच.

फिफोचे ते ३२,००० जरा फोडून पाहण्यासारखे आहेत. दिवाळीच्या हंगामात विकलेले ५० डबे घ्या. फिफोनं त्यातले ३० डबे एप्रिलच्या खेपेतले, १,५५० चे, आणि २० सप्टेंबरच्या खेपेतले, १,९०० चे. त्यांची किंमत ४६,५०० अधिक ३८,०००, म्हणजे ८४,५००. विक्री १,०२,५००. नफा १८,०००, डब्यामागे ३६० रुपये. ऐकायला छान आहे, पण त्या वेळी तुमची खरी खरेदी १,९०० ची होती आणि विक्री २,०५० ची. डब्यामागे १५० रुपयेच, ५० डब्यांचे ७,५००. मग वरचे १०,५०० कुठून आले? ३० जुने डबे भाव उडण्याआधी गोदामात होते, त्यातल्या प्रत्येकावर ३५० रुपये चढले, त्याचे. हा नफा खोटा नाही, तो तुम्हाला मिळाला. पण तेच ३० डबे पुन्हा जागेवर आणायला तुम्हाला डब्यामागे ३५० जास्तच मोजावे लागले. म्हणजे तो नफा दुकान पूर्वीएवढंच भरलेलं ठेवण्यात संपला.

वर्षभराचा असा हिशेब मांडला, म्हणजे प्रत्येक विक्रीसमोर त्या वेळचा चालू खरेदी भाव ठेवला, तर पहिल्या ७० डब्यांवर ७,०००, दिवाळीच्या ५० वर ७,५०० आणि शेवटच्या २० वर २,२०० सुटतात. एकूण १६,७००. फिफोच्या ३२,००० मधले बाकी १५,३०० हे भाव चढल्याचे. हे १६,७०० कायद्याच्या हिशेबात कुठेही जात नाहीत, ते तुमच्या स्वतःच्या वहीसाठी आहेत. उचल किती करायची आणि विक्रीचा भाव किती ठेवायचा हे ठरवायला माझ्या मते याच आकड्याकडे पाहावं. आणि सीए साहेबांचे १६,००० याच्या जवळ आले म्हणून ती रीत जास्त खरी ठरत नाही. सप्टेंबरची आणि जानेवारीची खेप लहान-मोठी असती तर ते जवळ आले नसते.

यंदा जो नफा कमी दिसला तो जातो कुठे? कुठेच नाही, पुढच्या वर्षात सरकतो. समजा हे ६० डबे पुढच्या वर्षी २,१५० नं विकले, १,२९,००० आले. फिफोनं ते १,२१,००० ला पडलेले, नफा ८,०००. सरासरीनं १,०५,००० ला पडलेले, नफा २४,०००. दोन वर्षांची बेरीज दोन्हीकडे ४०,०००. म्हणून ‘सरासरीनं कर वाचतो’ हे म्हणणं अर्धवट आहे, चढत्या भावात तो पुढे ढकलला जातो. भाव वर्षामागून वर्ष चढत राहिला आणि गोदाम भरलेलंच राहिलं तर हा फरक बराच काळ पुढे ढकलला जाऊ शकतो. भाव फिरला की उलटा वळतो. तेलाचंच पाहा, मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं गेलं. उतरत्या भावात फिफो आधी महाग डबे विक्रीला लावतं आणि स्वस्त डबे साठ्यात ठेवतं, म्हणून तिथे फिफोचाच नफा कमी दिसतो.

भाव उतरायला लागला की आणखी एक नियम आडवा येतो. साठा नेहमी पडलेली किंमत किंवा विकून हाती येणारी निव्वळ किंमत, यात जी कमी तिनं मांडायचा. निव्वळ म्हणजे विक्रीच्या भावातून विकण्याचा खर्च वजा करून. ३१ मार्चला तुमच्या डब्याची अशी किंमत १,९८० असती तर ६० डब्यांचे १,१८,८०० झाले असते. फिफोचा साठा १,२१,००० वरून तिथे खाली आणावा लागला असता, नफा २,२०० नं घटला असता. सरासरीचे १,०५,००० आधीच त्याखाली आहेत, त्यांना हात लागला नसता. तुमच्याकडे मार्चमध्ये २,१५० चा भाव चालू होता, म्हणून यंदा हा प्रश्न येत नाही. पण फिफोवाल्यानं दर ३१ मार्चला तो भाव लिहून ठेवावा.

रीत कोणतीही असो, दर कच्चा असेल तर सगळं बिघडतं. तुमचे १,९०० आणि २,०४० हे जीएसटी धरून आहेत की सोडून, हे तुम्ही लिहिलेलं नाही. खाद्यतेलावर ५ टक्के आहे. तुम्ही नियमित जीएसटीत असाल आणि खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घेत असाल, तर तो कर परत मिळणारा आहे, त्यामुळे लेखा मानकाप्रमाणे डब्याच्या किमतीत तो धरायचा नाही. २,०४० च्या जागी २,१४२ धरले आणि सप्टेंबरच्या १० डब्यांनाही कर लावला तर फिफोचा साठा ६,०५० नं फुगतो. आयकराच्या हिशेबात कर धरून मांडणी करायची वेगळी तरतूद आहे, पण ती खरेदी, विक्री आणि साठा तिन्हीकडे एकसारखी लावायची असते. नुसत्या साठ्यात कर धरला तरच आकडा बिघडतो. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट मिळतच नाही, मग तो कर डब्याच्या किमतीतच जातो आणि तिथे २,१४२ हाच खरा दर.

भाड्याचंही असंच. अकोल्याहून किंवा नागपूरहून माल दुकानात येईपर्यंतचं गाडीभाडं आणि उतरवण्याची हमाली हा डब्याच्या किमतीचा भाग आहे. ५० डब्यांच्या खेपेला हजार रुपये लागले तर डब्यामागे २० रुपये वाढवा. बरेच जण हे सगळं थेट खर्चात टाकतात, मग न विकलेल्या डब्यांचं भाडंही याच वर्षी वजा होतं. मात्र तुमच्या दुकानातून गिऱ्हाइकाच्या गावापर्यंत पोचवायचा खर्च यात येत नाही, तो विक्रीचा खर्च.

आणि मोजणी. वहीत ६० आहेत म्हणून गोदामात ६० असतीलच असं नाही. एखादा डबा गळतो, एखादा घरी जातो, एखादा उधारीवर दिला आणि लिहायचा राहतो. ३१ मार्चच्या संध्याकाळी हातानं मोजा. समजा ५८ च निघाले. फिफोनं साठा १,१७,२०० होईल, कारण कमी झालेले दोन डबे उरलेल्यांतल्या जुन्या, म्हणजे सप्टेंबरच्या खेपेतून कमी करायचे: ५० गुणिले २,०४० आणि ८ गुणिले १,९००. घरी नेलेले डबे मात्र उचल म्हणून वेगळे दाखवा, नाहीतर ते विकलेल्या मालात मिसळून धंद्याचा नफा कमी दाखवतात.

मग धरायचा कोणता? निवड पहिल्यांदाच करायची असती तर मी मालाकडे पाहून सांगितलं असतं. बंद डबे, वर्षाला चार-पाच खेपा, प्रत्येक डब्यावर पॅकिंगची तारीख आणि जुना डबा आधी काढायची दुकानाची सवय, इथे फिफो स्वच्छ बसतं आणि साठ्याचा आकडा बाजाराच्या जवळ राहतो. टाकीतलं सुटं तेल किंवा कोठीत ओतलेली साखर, जिथे जुना-नवा माल खरोखरच एकमेकांत मिसळतो, तिथे चालती सरासरी. वर्षाची एकच सरासरी हिशेबाला सगळ्यात सोपी आहे, पण भाव उडालेल्या वर्षात ती मला सगळ्यात कमी पटते, कारण वर सांगितलं ते पोळ्याच्या आधीच्या डब्याचं. तुम्ही अनुमानित नफ्याच्या योजनेत, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यानं कर भरत असाल, तर या निवडीनं कर बदलतच नाही. बँकेचं कॅश क्रेडिट खातं असेल तर तिथे देता त्या साठ्याच्या पत्रकात आणि ताळेबंदात एकच रीत असली पाहिजे. बँकेला फिफोचे १,२१,००० आणि आयकराला सरासरीचे १,०५,००० असं जमत नाही.

पण तुमची निवड पहिल्यांदाची नाही. आयसीडीएसप्रमाणे साठ्याची एकदा धरलेली रीत सबळ कारणाशिवाय बदलता येत नाही, आणि बदलली तर त्या बदलानं नफा किती हलला हे हिशेबात लिहून दाखवावं लागतं. म्हणून मागच्या वर्षीची फाईल काढा आणि १ एप्रिलला घेतलेला तो १,५०० चा दर कसा आला होता ते पाहा. मार्च २०२४ च्या शेवटच्या बिलाचा भाव आणि गाडीभाडं मिळून तो बसत असेल तर मागच्या वर्षी फिफो होतं, तुमच्या पोराचे ३२,००० धरा आणि सीए साहेबांना ते बिल दाखवा. सुरुवातीचा साठा आणि वर्षभराची खरेदी यांच्या एकूण रुपयांना एकूण डब्यांनी भागून तो येत असेल तर रीत वर्षाच्या एकाच सरासरीची आहे, आणि यंदाचा आकडा १६,००० च राहील.